वीस हजार की त्रेसष्ट हजार? कंपनी सोडताना हातात पडणारा 'फुल अँड फायनल' कागद

वडवणी : आपल्या तालुक्यात हिशोबाचा कागद म्हटलं की डोळ्यासमोर मुकादमाची वही येते. पट्टा पडला की कोयत्याचा हिशोब होतो, आधी उचल वळती होते आणि उरलं तर हातात, नाही तर बाकी पुढच्या हंगामाला. ती वही वाचायला आपले लोक पिढ्यानपिढ्या शिकले. पण आता प्रत्येक गावातली दहा-वीस पोरं चाकण, रांजणगाव, वाळूजला कंपनीत आहेत, आणि कंपनी सोडताना त्यांच्या हातात जो कागद पडतो तो त्यांना वाचता येत नाही. या कागदाला कंपनीच्या भाषेत 'फुल अँड फायनल सेटलमेंट' म्हणतात. पोरं नुसतं 'एफएनएफ' म्हणतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यामुळे या कागदावरचे दोन-तीन आकडे बदलायला पाहिजेत. पण कंपन्यांच्या ऑफिसातल्या संगणकात बऱ्याच ठिकाणी जुनाच साचा चालू आहे, आणि कामगाराला साचा जुना की नवा हे कळायला मार्ग नाही. जानेवारीत असाच एक कागद माझ्याकडे आला. पोरगा शेजारच्या गावचा, चाकणला मशीन ऑपरेटर होता. बापाला अर्धांगवायू झाला, घरी तीन एकर कापूस आणि दोन म्हशी, म्हणून राजीनामा देऊन आला. त्याचं आणि कंपनीचं नाव देत नाही, कारण वाद अजून मिटलेला नाही. मोबाइल पुढं करून म्हणाला, "दादा, वीस हजार तीनशे एकोणऐंशी देतेत म्हणं. सही करून पाठव म्हणलेत. करू का?"

मी म्हणालो, थांब, आधी वाचू.

त्याच्या पगाराची मांडणी अशी. एकूण पगार ३२,००० रुपये. त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १४,३००, आणि बाकी १७,७०० घरभाडे व प्रवास भत्त्याचे. नोकरीला लागला ३ जून २०१९ ला. राजीनामा दिला ३० डिसेंबरला, आणि शेवटचा दिवस १० जानेवारी २०२६.

कागदाच्या डाव्या बाजूला देणं होतं. जानेवारीच्या दहा दिवसांचा पगार १०,३२३. शिल्लक २१ रजांचे १०,०१०. ग्रॅच्युइटी ४९,५००. बेरीज ६९,८३३. उजव्या बाजूला वसुली होती. नोटीस कमी पडली त्याचे १९,२००. ॲडव्हान्सची बाकी १५,०००. मशीनचं टूल तुटलं त्याचे १२,०००. ड्रेस, बूट आणि ओळखपत्राचे २,५००. पीएफ आणि व्यवसाय कर ७५४. बेरीज ४९,४५४. वजा जाता २०,३७९.

बेरीज-वजाबाकी एकदम बरोबर होती. कंपनीच्या कागदात बेरीज सहसा चुकत नसते. गडबड असते ती प्रत्येक ओळ कोणत्या पगारावर काढली यात. या कागदात मला पहिल्यांदा खटकलं ते हेच, की कंपनीला द्यायचं होतं तिथं (रजा, ग्रॅच्युइटी) हिशोब १४,३०० वर धरला होता, आणि कंपनीला घ्यायचं होतं तिथं (नोटीस) ३२,००० वर. एकाच माणसाचे, एकाच महिन्याचे, एकाच कागदावर दोन पगार. हा कागद वाचायला बसलात तर पहिलं काम हेच करा. प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने लिहा, की ही रक्कम कोणत्या पगारावर आणि किती दिवसांनी भागून काढली.

आता नोटीसची ओळ घ्या. त्याच्या नेमणूक पत्रात तीस दिवसांची नोटीस लिहिली होती. ३० डिसेंबर ते १० जानेवारी, दोन्ही दिवस धरून, त्याने बारा दिवस काम केलं. म्हणजे अठरा दिवस कमी पडले. कंपनीने ३२,००० ला ३० ने भागून १८ ने गुणलं, आले १९,२००. दिवस बरोबर धरले, पण पगार? नेमणूक पत्राची शेवटची दोन पानं कुणी वाचत नाही, त्यानेही वाचली नव्हती. घरून आईला फोन लावून पत्र्याच्या पेटीतून पत्र काढायला लावलं आणि त्याचा फोटो मागवला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, 'एक महिन्याची नोटीस किंवा त्याबदली बेसिक वेतन'. मग हिशोब १४,३०० वर, आणि रक्कम ८,५८०. एका वाक्यात दहा हजार सहाशे वीस रुपयांचा फरक पडला. पत्रात 'एकूण वेतन' असं लिहिलेलं असतं तर हा मुद्दा आपल्याला मांडता आला नसता, हेही खरं आहे. नोटीसचा राजा नेमणूक पत्र आहे. आणि एक लक्षात ठेवा, नोटीस दोन्ही बाजूंना लागू असते. तुम्ही तीस दिवस थांबायला तयार होतात आणि साहेबानेच "उद्यापासून येऊ नको" म्हटलं, तर वसुली तुमच्याकडून होत नाही. उलट उरलेल्या दिवसांचे पैसे मागता येतात. म्हणून राजीनामा तोंडी देऊ नका. ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर तारखेसह द्या, आणि कधी सोडणार तेही लिहा.

सगळ्यात मोठी ओळ ग्रॅच्युइटीची होती, म्हणून तिथं जरा थांबू. हिशोब साधा आहे. शेवटचं महिन्याचं वेतन, त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, म्हणजे एका वर्षाचे पंधरा दिवसांचे पैसे आले. मग जितकी वर्षं नोकरी, तितक्याने गुणायचं. कंपनीने १४,३०० ला २६ ने भागलं, ५५० आले. गुणिले १५, आले ८,२५०. गुणिले ६ वर्षं, ४९,५००.

इथं दोन चुका होत्या. पहिली वर्षांची. ३ जून २०१९ ते १० जानेवारी २०२६ म्हणजे सहा वर्षं, सात महिने आणि आठ दिवस. कायदा म्हणतो, पूर्ण वर्षांच्या वर सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ असेल तर ते वर्ष पूर्ण धरायचं. म्हणजे सात. हा नियम १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातही होता आणि नव्या संहितेतही आहे, तरी संगणकात पूर्ण वर्षंच धरली होती. एवढ्यावरच ८,२५० रुपये गेले होते.

दुसरी चूक वेतनाची, आणि ही नव्या संहितेची गोष्ट आहे. आजवर कंपन्या बेसिक कमी आणि भत्ते जास्त दाखवायच्या, कारण पीएफ आणि ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते. आता 'वेतन' शब्दाची व्याख्या बदलली. घरभाडे, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम, कमिशन असे ठरावीक भत्ते वेतनात मोजत नाहीत, पण ते मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त होत असतील, तर निम्म्याच्या वरचा भाग वेतनात धरायचा. त्याचे भत्ते १७,७००, एकूण ३२,०००, निम्मे १६,०००. निम्म्याच्या वर गेले १,७००. ते १४,३०० मध्ये मिळवले की वेतन १६,००० होतं. (काटेकोर बघितलं तर कंपनीचा पीएफचा वाटाही एकूणात येतो आणि आकडा अजून थोडा वाढतो. तो वाद आम्ही घेतला नाही.) त्याने नोकरी २१ नोव्हेंबरनंतर सोडली, म्हणून त्याचं शेवटचं वेतन नव्या व्याख्येचं. १६,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ७ केलं तर ६४,६१५. कंपनीच्या ४९,५०० पेक्षा पंधरा हजार एकशे पंधरा जास्त. ज्याने त्या तारखेच्या आधी नोकरी सोडली त्याचा हिशोब जुन्या कायद्याने, बेसिक आणि महागाई भत्त्यावरच होतो. त्याने या आकड्याच्या नादी लागू नये.

ग्रॅच्युइटीला अजूनही साधारण पाच वर्षांची सलग नोकरी लागते. पण मुदतीच्या करारावर, म्हणजे 'फिक्स्ड टर्म' वर, थेट कंपनीने घेतलेल्या कामगाराला आता एक वर्षानंतरही ती केलेल्या कामाच्या प्रमाणात मिळते. इथं आपल्या पोरांची फसगत होते, कारण ठेकेदाराकडून लागलेला कामगारही स्वतःला 'कॉन्ट्रॅक्टवर' म्हणतो आणि मुदतीच्या करारावरचाही तेच म्हणतो. नेमणूक पत्रावर कुणाचं नाव आहे आणि त्यात शेवटची तारीख लिहिली आहे का, एवढं बघा. कंपनीचं नाव आणि शेवटची तारीख, दोन्ही असतील तर एक वर्षाचा नियम तुमच्यासाठी आहे.

रजेच्या ओळीत २१ दिवस बरोबर होते, शेवटच्या पगार चिठ्ठीवर तेवढेच शिल्लक दिसत होते. कंपनीने १४,३०० ला ३० ने भागलं. पण महिन्याचा पगार २६ कामाच्या दिवसांचा असतो, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी रजा टाकायचा प्रश्न येत नाही, आणि ग्रॅच्युइटीत तर कायदा स्वतः २६ ने भागतो. जुन्या कारखाना कायद्यात रजेच्या एका दिवसाचा पगार पूर्ण कमाईच्या रोजच्या सरासरीने काढायचा नियम होता, तो धरला तर रक्कम याहून बरीच वाढते. आम्ही हात आखडता घेऊन १६,००० भागिले २६ गुणिले २१ धरले, १२,९२३ आले. कंपनीच्या आकड्यापेक्षा २,९१३ जास्त. ही ओळ वादाची आहे आणि कंपनी ती लगेच मान्य करील असं मला तेव्हाही वाटत नव्हतं.

आता वसुली. ॲडव्हान्सचे १५,००० खरे होते. बहिणीच्या लग्नाला २५,००० घेतले होते, दहा फिटले होते, सही त्याची होती. त्यावर आमचं काही म्हणणं नाही, घेतलेली उचल फेडायची असते. ड्रेस-बूट आणि ओळखपत्र त्याने शेवटच्या दिवशी गेटवर जमा केलं होतं, पण पावती घेतली नव्हती. नशीब म्हणजे स्टोअरच्या माणसाला फोटो टाकला होता, तो मोबाइलमध्ये सापडला. तेवढ्यावर ते २,५०० रद्द करायचा अर्ज करता आला.

टूलच्या १२,००० ची गोष्ट वेगळी आहे. टूल सप्टेंबरमध्ये तुटलं होतं. तेव्हा त्याला नोटीस दिली नाही, खुलासा मागितला नाही, चार महिने पगारातून रुपया कापला नाही. राजीनामा दिल्यावर मात्र ते आठवलं. वेतन संहिता सांगते, नुकसानीपोटी पैसे कापायचे असतील तर ते नुकसान कामगाराच्या हलगर्जीपणाने झालेलं असलं पाहिजे आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. तशी संधी न देता थेट शेवटच्या कागदावर ओळ टाकली तर ती कायद्यात बसत नाही. एकूण कपातही त्या पगारकाळातल्या वेतनाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये.

पण सगळ्यात महत्त्वाचं पुढं आहे. कंपनीने ही सगळी वसुली ग्रॅच्युइटीतून वळती केली होती. दहा दिवसांचा पगार आणि रजा मिळून फक्त वीस हजार होत होते आणि वसुली एकोणपन्नास हजार. म्हणजे जवळपास एकोणतीस हजार रुपये ग्रॅच्युइटीतून गेले. हे करता येत नाही. ग्रॅच्युइटी रोखायला कायद्याने मोजकीच कारणं ठेवली आहेत, आणि ती सगळी कामगाराला त्या कारणासाठी कामावरून काढल्यावर लागू होतात. एक म्हणजे मुद्दाम किंवा हलगर्जीपणाने केलेलं नुकसान, तेही झालेल्या नुकसानीपुरतंच. दुसरं म्हणजे मारामारी-दंगा किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा. राजीनामा देऊन गेलेल्या माणसाची नोटीस कमी पडली, हे कारण त्यात कुठंच नाही.

यावरचा ताजा निकाल आपल्या एसटीचाच आहे. १७ फेब्रुवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या एका प्रकरणासोबत एसटी महामंडळाच्या कंडक्टरांची प्रकरणंही निकाली काढली. कंडक्टरांवर प्रवासभाड्याचे पैसे खाल्ल्याचा ठपका होता, ते बडतर्फ झाले होते आणि महामंडळाने त्यांची ग्रॅच्युइटी पूर्ण रोखली होती. न्यायालयाने एक गोष्ट कामगारांच्या विरोधात सांगितली, की यासाठी फौजदारी कोर्टात शिक्षा झालेलीच असली पाहिजे असं नाही. पण त्याच वेळी, रक्कम किरकोळ होती हे बघून, ग्रॅच्युइटीचा २५ टक्केच भाग रोखावा आणि बाकीची द्यावी असं ठरवलं. म्हणजे तिकिटाच्या पैशात अफरातफर करून बडतर्फ झालेल्या माणसालाही पाऊण ग्रॅच्युइटी मिळाली. आणि इथं बापाच्या आजारपणासाठी राजीनामा देऊन आलेल्या पोराची निम्म्याहून जास्त एका ओळीत उडवली होती.

आमचा हिशोब मग असा झाला. पगार १०,३२३ आणि रजा १२,९२३ मिळून २३,२४६. त्यातून नोटीसचे ८,५८०, ॲडव्हान्सचे १५,००० आणि पीएफ-कराचे ७५४ मिळून २४,३३४ वजा. उलट पोराकडेच १,०८८ निघाले! तो हे बघून घाबरला. मी म्हणालो, घाबरू नको, हे खरं आहे आणि तू ते कबूलही कर, कारण खरं कबूल केलेल्या माणसाचं बाकीचं म्हणणं ऐकलं जातं. ग्रॅच्युइटीचे ६४,६१५ वेगळे मिळाले की त्यातून आपल्या मर्जीने १,०८८ देऊन टाक. हातात ६३,५२७ राहतात. कंपनीचा कागद सांगत होता २०,३७९. फरक ४३,१४८ रुपयांचा, म्हणजे त्याचा सव्वा महिन्याहून जास्त पगार.

त्याने सही केली नाही. कागदाखाली छापलेलं असतं, 'सर्व रक्कम मिळाली, कोणतीही तक्रार नाही'. त्यावर सही झाली की पुढं भांडायचं कठीण होतं. पैसे तातडीने पाहिजेच असतील तर निदान 'हिशोब मान्य नाही, हक्क राखून रक्कम घेतली' असं स्वतःच्या अक्षरात लिहून सही करावी आणि त्याचा फोटो ठेवावा. त्याने एचआरला एक पानी ईमेल पाठवला. प्रत्येक ओळीसमोर कंपनीचा आकडा, आमचा आकडा आणि कारण, एवढंच. शिवीगाळ नाही, कोर्टाची धमकी नाही. सोबत नेमणूक पत्राचं पान आणि ड्रेस जमा केल्याचा फोटो.

वेळेचंही त्यात लिहिलं. एचआरने त्याला "४५ दिवसांनी पैसे येतील" असं सांगितलं होतं. जुनी सवय आहे ती. वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्या कामगाराचं वेतनही आता दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. ग्रॅच्युइटीला तीस दिवस असतात, आणि त्यानंतर उशीर झाला तर व्याज लागतं. जुन्या कायद्याखाली ते वर्षाला १० टक्के होतं.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. वर्षं सात धरली. नोटीस बेसिकवर केली. टूलचे १२,००० आणि ड्रेसचे २,५०० काढून टाकले, कारण काही लिहिलं नाही. नवा आकडा ५३,७४९ आला आणि तो हक्क राखून त्याने घेतला. ग्रॅच्युइटीचं वेतन १६,००० धरायला आणि रजा २६ ने भागायला मात्र नकार दिला, 'आमच्या धोरणानुसार' एवढंच लिहून. राहिलेला वाद ९,७७८ रुपयांचा आहे. त्यात ६,८६५ ग्रॅच्युइटीचे आणि २,९१३ रजेचे.

यासाठी पुढचा अर्ज कामगार विभागाकडे करावा लागतो, आणि नोकरी चाकणची असल्याने तो पुण्याच्या कार्यालयात, बीडला नाही. वडवणीहून पुण्याला एक तारीख म्हणजे दोन दिवस आणि हजार-बाराशे रुपये. चार तारखा पडल्या तर निम्मे पैसे गाडीभाड्यात जातील, हे कंपनीलाही माहीत असतं. वेतनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, म्हणून त्याने घाई केली नाही. त्याच कंपनीतून आपल्याच भागातली अजून चार पोरं येत्या दोन महिन्यांत बाहेर पडणार आहेत, त्यांचे कागद याच साच्यातून निघणार. त्यांचे हिशोब हातात आले की पाचही जण एकाच दिवशी अर्ज देणार आहेत, गाडी एकच करून.